पहिल्यांदाच गॅदरिंगचं सूत्रसंचालन करणाऱ्या मुलासाठी: कार्डं, इशारे आणि बोलायच्या ओळी

डिसेंबर लागला की एखाद्या मुलाच्या हातात चार पानी कागद पडतो. त्यावर फोनवरून उतरवलेल्या चारोळ्या, "प्रांगण", "सुवर्णक्षण" असे शब्द आणि मध्ये मध्ये कार्यक्रमांची नावं असतात. पोर आठ दिवस ते पाठ करतं. प्रत्यक्ष कार्यक्रमात पाहुणे उशिरा येतात, स्वागतगीत आधी होतं, आणि पाठ केलेली साखळी तिसऱ्याच कडीला तुटते. पोर रडवेलं होतं आणि आपण म्हणतो, "तयारी कमी पडली."

तयारी भरपूर असते, पण चुकीची. सूत्रसंचालन पाठ करायचं नसतं, त्याची कार्डं करायची असतात. प्रत्येक कार्डावर तीनच गोष्टी: कधी बोलायचं, काय बोलायचं, बोलून झाल्यावर काय करायचं. खाली बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सातवीपर्यंतच्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन उदाहरणाला धरलं आहे. सूत्रसंचालक सहावीतली मुलगी, साडेपाचला मंचावरचा कार्यक्रम, सव्वासातपासून नाच-गाणी.

पायरी 1: आधी क्रम, मग शब्द

मुख्याध्यापकांकडून कार्यक्रमाचा क्रम लेखी घ्या. तोंडी घेतलेला क्रम तीनदा बदलतो. आपल्याकडे साधारण असा असतो: पाहुण्यांना मंचावर बोलावणं, नाडगीत म्हणजे कर्नाटकचं राज्यगीत, दीपप्रज्वलन आणि ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, बक्षीस वितरण, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षांचं भाषण, आभार. प्रत्येक शाळेत एखादी गोष्ट मागेपुढे असते. दोन गोष्टी मात्र हलवू नका. अध्यक्षांनंतर कुणाचं भाषण नको, आणि आभार त्यांच्याही नंतर.

आता वेळ मोजा. मोजल्याशिवाय मुलीला किती बोलायचं हे कळत नाही. आपल्या उदाहरणात नाच, गाणी, नाटुकली मिळून 22 आहेत. एकाला सरासरी पाच मिनिटं धरली तर 110 मिनिटं. प्रत्येक कार्यक्रमाआधी मुलं बदलायला दीड मिनिट धरलं तर आणखी 33. म्हणजे सव्वासातला सुरू केलं तर 9.38 ला संपेल. भोंगा रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणजे हाताशी 22 मिनिटं उरली. मंचावरचा कार्यक्रम अर्धा तास लांबला की गणित गेलं. तेव्हा मुलीची प्रत्येक ओळख वीस सेकंदांच्या आत बसली पाहिजे. चारोळीला जागा नाही ती यामुळेच.

तपासणी: क्रमाच्या कागदावर प्रत्येक ओळीसमोर एक माणूस लिहिलेला आहे का? "सत्कार" असं नुसतं लिहिलं असेल तर कोण कुणाचा करणार हे विचारून घ्या.

पायरी 2: नावं ज्याची त्याच्याकडूनच घ्या

आपल्या भागात निम्मे पाहुणे कन्नड बोलणारे असतात. शिक्षण खात्याचे साहेब, पंचायतीचे सदस्य, शेजारच्या कन्नड शाळेचे हेडमास्तर. त्यांची नावं मराठी कानाने ऐकली की जोडाक्षर गळतं. आपण "हुबळी" म्हणतो, ते "हुब्बळ्ळी" म्हणतात. आडनावातही तसंच होतं. म्हणून पत्रिकेवरून नाव उतरवू नका. फोन करून त्यांच्याच तोंडून ऐका, मुलीलाही ऐकवा आणि ती जसं उच्चारेल तसं देवनागरीत लिहा. लांब नाव असेल तर मध्ये आडवी रेघ मारून दोन तुकडे करा: मल्लिका / र्जुन असं नको, मल्लिक / अर्जुन असं. रेघ श्वासासाठी असते, व्याकरणासाठी नाही.

पदं थोडक्यात लिहा. "शाळा विकास व देखभाल समितीचे सन्माननीय अध्यक्ष" हे मुलीच्या तोंडात बसत नाही. गावात सगळे "एसडीएमसी अध्यक्ष" म्हणतात, तेच लिहा. एकाला "सन्माननीय" म्हटलं की सगळ्यांना म्हणावं लागतं आणि कुणाला चुकून राहिलं तर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर तोच विषय. सगळ्यांना नुसतं "श्री." किंवा "सौ." आणि शेवटी "साहेब", "सर", "बाई". संपलं.

पायरी 3: कार्डं करणं

जाड कागद पोस्टकार्डाएवढा कापा. डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवा, घट्ट बांधू नका. कारण मध्येच एखादं कार्ड काढावं किंवा घालावं लागतं. उजव्या कोपऱ्यात मोठा आकडा. एका बाजूलाच लिहा. बोलायच्या ओळी जास्तीत जास्त पाच, अक्षर इतकं मोठं की कमरेजवळ धरलेलं कार्ड मान न वाकवता वाचता यावं. मंचावरचे दिवे डोळ्यांवर येतात आणि निळी शाई त्यात फिकी दिसते, म्हणून काळ्या स्केचपेननं लिहा.

शब्द मुलीच्याच तोंडून काढा. तिला विचारा, "आता पाहुणे दिवा लावणार आहेत हे आजीला कसं सांगशील?" ती म्हणेल, "आता पाहुणे समई लावतील." तेच लिहा. "दीपप्रज्वलन" हा शब्द सहावीच्या जिभेवर अडतो. "पुष्पगुच्छ"ही तसाच, त्याऐवजी "फुलं". प्रास्ताविक हवंच असेल तर चालतं, कारण तो शब्द शाळेत रोजचा.

मात्र घरचं बोलणं जसंच्या तसं आणू नका. आपल्याकडे "पण"च्या जागी "खरं" येतं: "पाहुणे आलेत खरं माईक चालू नाही." घरात गोड लागतं, मंचावर बाहेरचा माणूस बुचकळ्यात पडतो.

इशारे ही या कार्डांची खरी किंमत. प्रत्येक कार्डावर सगळ्यात वर, चौकटीत, काय दिसलं किंवा ऐकू आलं की बोलायचं ते लिहा. "गाणं संपल्यावर" हा इशारा नव्हे, कारण मधल्या संगीताच्या वेळी गाणं संपल्यासारखं वाटतं. "मुलींनी नमस्कार केला की" हा इशारा.

सावधान: भाषणाचा इशारा शब्दावर ठेवू नका. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" असं म्हणून आणखी दहा मिनिटं बोलणारे पाहुणे मी दरवर्षी ऐकतो. मुलगी मध्येच माईकजवळ येते आणि पाहुणे तिच्याकडे बघतात. इशारा असा लिहा: "पाहुणे खुर्चीकडे वळले की."

पायरी 4: मंचावरच्या कार्यक्रमाची कार्डं

खालच्या ओळी उचलून नावं भरा. रिकाम्या जागी पूर्ण नाव लिहा, आद्याक्षरं नकोत.

कार्ड 1
इशारा: बाईंनी मान हलवली.
बोल: "नमस्कार. मी सहावीची ____. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्हा सगळ्यांचं स्वागत. एल्लरिगू नमस्कार."
कर: मनात तीन मोज. मग कार्ड 2.

कार्ड 2
इशारा: नाही, लगेच बोल.
बोल: "आता पाहुण्यांना मंचावर बोलावूया. कार्यक्रमाचे अध्यक्ष, श्री. ____. कृपया मंचावर यावं."
कर: ते खुर्चीत बसेपर्यंत गप्प. मग पुढचं नाव.

कन्नड बोलणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याच कार्डावर एक ओळ जोडा: "दयविट्टु वेदिकेगे बरबेकु." म्हणजे कृपया मंचावर यावं. आख्खं सूत्रसंचालन दोन भाषांत करायचा मोह टाळा. प्रत्येक वाक्य दोनदा आलं की वेळ दुप्पट होतो आणि मूल दोन्हींकडे अडखळतं. सुरुवातीला नमस्कार, बोलावताना ही ओळ आणि शेवटी "धन्यवादगळु", एवढ्या तीन ठिकाणी कन्नड पुरे. या तीन ओळी वर्गातल्या कन्नडच्या बाईंकडून ऐकून घ्या, कागदावरून नको.

कार्ड 3
इशारा: सगळ्या खुर्च्या भरल्या.
बोल: "आता नाडगीत. सर्वांनी कृपया उभं राहावं."
कर: माईक खाली घे, हात सरळ. हलायचं नाही.

नाडगीताला अडीच मिनिटं लागतात. तेवढा वेळ मूल चुळबुळ करतं, कार्ड चाळतं, आणि सगळं गाव तिच्याकडे बघत असतं. हे सरावात मुद्दाम करून घ्या. "बसावं" ही ओळ पुढच्या कार्डाच्या सुरुवातीला लिहा, याच कार्डावर लिहिली तर घाईत गीताआधीच म्हटली जाते.

कार्ड 4
इशारा: नाडगीत संपलं, गाणाऱ्या मुलांनी हात खाली केले.
बोल: "सर्वांनी बसावं. आता अध्यक्ष आणि पाहुणे समई लावतील. आपल्या मुली ईशस्तवन म्हणतील."
कर: बाजूला हो. काही बोलू नको.

उघड्या मैदानात वारा असतो, वाती विझतात, काडी पेटत नाही. तेव्हा बोलून वेळ भरायला मुलीला लावू नका. पहिली काडी ओढली की गाणाऱ्या मुलींनी सुरू करायचं. समईला एक मिनिट लागो वा तीन, गाणं चालू असतं आणि कुणाला काही कळत नाही.

सत्काराचं कार्ड सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. आपण लिहून देतो: "श्री. अमुक यांच्या हस्ते श्री. तमुक यांचा सत्कार होत आहे." मूल घाबरलेलं असतं, "यांच्या" आणि "यांचा" यांत गोंधळतं, आणि शाल देणाऱ्यालाच शाल मिळते. माझ्या समोर एकदा असं झालं. दोघे पाहुणे एकाच शालीची दोन टोकं धरून उभे, आणि कुणीच सोडेना. तेव्हापासून सत्काराची ओळ "हस्ते" न वापरता लिहितो आणि कार्डाचे दोन भाग करतो. वर घेणारा, खाली देणारा.

कार्ड 7
इशारा: शाल-श्रीफळाचं ताट घेऊन मुलगी मंचावर आली.
बोल: "आता आपले पाहुणे श्री. ____ यांचा सत्कार." (थांब) "सत्कार करतील, एसडीएमसी अध्यक्ष श्री. ____."
कर: फोटो होईपर्यंत गप्प.

ताट दिसल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं, पाहुणे उभे राहिले आणि नारळ स्वयंपाकघरातच, हा प्रसंग आपण सगळ्यांनी बघितलेला आहे.

भाषणांची कार्डं सोपी असतात: "आता आपल्याशी बोलतील, श्री. ____ साहेब." एवढंच. त्यांच्या पदव्या आणि कार्य परिचय करून देणारे शिक्षक सांगतात. भाषण झाल्यावर "साहेबांनी फार मोलाचं मार्गदर्शन केलं" असं मुलांकडून वदवून घेऊ नका. भाषण कन्नडमध्ये झालं असेल तर मुलीला ते अर्धंच कळलेलं असतं आणि चेहऱ्यावर ते दिसतं. "धन्यवाद, साहेब" पुरे, कन्नड बोलणाऱ्यांना "धन्यवादगळु".

तपासणी: सगळी कार्डं मोठ्यानं वाचून घ्या. मोठ्या माणसांसाठी "येतील, करतील, बोलतील" असं आदरार्थी आलंय का? "जोरदार टाळ्या" किती वेळा आल्या? दोनदाच ठेवा, एकदा बक्षिसांना, एकदा शेवटच्या नाचाला. दर पाच मिनिटांनी टाळ्या मागितल्या की लोक हात वर करणं सोडून देतात.

पायरी 5: नाच-गाण्यांची कार्डं आणि टॉर्चचा इशारा

इथे साचा एकच: इयत्ता, प्रकार, विषय. "आता पहिलीची मुलं. ती दाखवणार आहेत भातलावणीचा नाच." मुलांची नावं घेऊ नका. बारा नावं घेतली तर एक सुटतं आणि त्याची आई पुढच्या रांगेत असते.

अडचण असते ती पडद्यामागची. नाच संपला, पुढची मुलं तयार नाहीत, आणि मुलगी पुढचं नाव घेऊन मोकळी. मग रिकामा मंच. पडद्याआड हात हलवून सांगणं चालत नाही, कारण समोरच्या प्रखर दिव्यांमुळे तिला अंधारातलं काही दिसत नाही. पडद्यामागच्या बाईंनी मोबाइलचा टॉर्च एकदा चमकवायचा: तयार, नाव घे. टॉर्च सतत चालू: तयार नाही, वेळ भर. गाणी लावणाऱ्यालाही तोच इशारा. त्याच्याकडच्या गाण्यांचे क्रमांक आणि कार्डांचे क्रमांक एकच ठेवा. कार्ड 14 म्हणजे पेनड्राइव्हवरचं 14 वं गाणं.

वेळ भरायला तीन रंगीत "थांबा" कार्डं सुतळीच्या शेवटी बांधून ठेवा.

थांबा 1, सूचना: "एक सूचना. फाटकासमोर लावलेल्या गाड्या कृपया बाजूला घ्याव्यात. पिण्याचं पाणी उजव्या हाताला, पहिलीच्या वर्गासमोर आहे."

थांबा 2, कोडं: "एक कोडं सांगते. झाडाला बांधतात, पण जनावर नाही. तोंड मोठं, पण खात नाही. दिवसभर ओरडतो, पण रडत नाही. कोण?" (थांब, उत्तरं येऊ दे) "आपला भोंगा!"

थांबा 3, पुढची तयारी: "या नाचानंतर तिसरीचं समूहगीत आणि चौथीचं नाटुकलं आहे. त्या मुलांनी पडद्यामागे यावं."

तिसरं सगळ्यात कामाचं, कारण त्यातून पुढचा खोळंबाही टळतो.

सावधान: पाहुण्यांच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्या वेळी कोडं घालू नका. तो वेळ शिक्षकांनी भरायचा.

पायरी 6: माईक

भाड्याचा माईक बहुधा हातात धरायचा आणि बटणवाला असतो. मुलीला चार गोष्टी हातानं करून दाखवा. तोंडापासून चार बोटं अंतर. माईकची जाळी मुठीत धरायची नाही, आवाज कोंडतो. फुंकर किंवा टिचकी मारून तपासायचं नाही, "नमस्कार" म्हणून तपासायचं. आणि माईक हातात घेऊन भोंग्याच्या किंवा स्पीकरच्या समोर जायचं नाही, कारण त्यातून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. शिट्टी आलीच तर माईकचं तोंड हातानं झाकायचं नाही. दोन पावलं मागे यायचं.

उभं राहायची जागा खडूनं आखा. शक्यतो मंचाच्या डाव्या कडेला, स्पीकरच्या मागे.

पायरी 7: चार सराव, त्यातला चौथा महत्त्वाचा

पहिला सराव बसून, नुसतं वाचून. अडेल तो शब्द तिथल्या तिथे बदला. दुसरा घरी, आईनं किंवा आजीनं इशारे द्यायचे: नमस्कार करायचा, खुर्चीकडे वळायचं, टॉर्च चमकवायचा. मुलगी इशाऱ्याची वाट बघते की घाईनं बोलते, हे इथेच कळतं. तिसरा सराव मैदानात, माईकवर, कपडे आणि चप्पल घालून. नऊवारी नेसून कार्ड धरणं ही वेगळीच कसरत असते.

चौथ्या सरावात क्रम बिघडवा. न सांगता मधलं एक कार्ड काढून घ्या, एक पुढचं आधी घाला, एकदा माईक बंद करा. बऱ्याच घरी हा सराव राहतो. पोर रुसतं, राहू द्या. या सरावानंतरही ती कार्ड न बघता बोलत असेल तर पाठांतर पक्कं झालंय, आणि तीच धोक्याची खूण. तिला प्रत्येक कार्ड उलटताना आकडा मनात वाचायला लावा.

अडचणीच्या वेळच्या ओळी एका लाल कार्डावर.

वीज गेली: काही बोलायचं नाही, जागेवर उभं राहायचं. वीज आल्यावर: "थोडा खंड पडला. पुन्हा सुरू करूया."

नाव चुकलं: "क्षमा करा. श्री. ____." बरोबर नाव एकदा, मग पुढे. कारण सांगायचं नाही.

गाणं मध्येच थांबलं: "मुलांना पुन्हा सुरुवात करू द्या." नाचणाऱ्या मुलांना परत पहिल्या जागी जायला वेळ मिळतो.

कार्यक्रम कापायची वेळ आली तर तो निर्णय शिक्षकांचा. मुलीनं फक्त कार्ड काढून देणाऱ्या हाताकडे बघायचं. आणि कापायचंच असेल तर माझं ऐका, भाषण कापा. पहिलीच्या पोरानं महिनाभर ठेका धरलेला असतो.

पायरी 8: शेवटची दोन कार्डं

आभाराचं कार्ड मुलीकडे देऊ नका. ते शिक्षकांचं काम आहे आणि त्यात राहून गेलेल्या नावांचा ताप असतो. ती फक्त म्हणेल, "आता आभार मानतील, आपले ____ सर."

त्यानंतर सूचनांचं कार्ड: "पहिली ते तिसरीची मुलं त्यांच्या वर्गात आहेत. पालकांनी तिथून घेऊन जावं. नाचाचे भाड्याचे कपडे उद्या सकाळी ऑफिसमध्ये द्यावेत." हे राष्ट्रगीताआधीच यायला हवं. राष्ट्रगीत झालं की लोक एकदम उठतात आणि भोंग्यावरचा शब्दही कुणाला ऐकू येत नाही.

शेवटचं कार्ड
इशारा: सूचनांचं कार्ड वाचून झालं.
बोल: "आता राष्ट्रगीत. सर्वांनी कृपया उभं राहावं."
कर: 52 सेकंद सरळ. संपल्यावर माईकचं बटण बंद, माईक माईकवाल्याच्या हातात. टेबलावर ठेवायचा नाही, घरंगळतो.